विणकामाच्या स्क्रीनशॉटवरून टाक्यांच्या हिशेबासह ओळवार यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, वाई, सांगली, मिरज या भागातून विणणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न इंग्रजीत लिहिलेल्या दोन सुयांवरच्या नमुन्यांचे आहेत. बाळासाठी टोपडं किंवा स्वेटर विणायचा असतो, नमुना मोबाईलवर स्क्रीनशॉट म्हणून आलेला असतो आणि चौथ्या-पाचव्या ओळीला गाडं अडतं. म्हणून मुख्य उदाहरण टोपड्याचंच घेतलं आहे. भरतकामाचे दोन प्रश्न शेवटी आहेत.

१. नमुना फोटोत आहेच, मग पुन्हा यादी कशाला लिहायची?

नमुना लिहिणारे जागा वाचवतात. "याप्रमाणे पुढे चालू ठेवा" एवढ्या एका वाक्यात बारा ओळी दडलेल्या असतात. विणताना मात्र आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात: आत्ता कोणती ओळ, आणि ती संपल्यावर सुईवर किती टाके असायला हवेत. यादीत प्रत्येक ओळ स्वतंत्र लिहायची, तिच्यापुढे आधीचे आणि नंतरचे टाके मांडायचे आणि खूण करायला चौकोन ठेवायचा. सातारा-सांगली एसटीत बसून विणताना कोणी हाक मारली आणि काम बाजूला ठेवावं लागलं, तरी परत सुरुवात कुठून करायची ते कळतं.

यादीचा दुसरा फायदा आमच्या मते मोठा आहे. यादी लिहितानाच बेरीज करावी लागते, त्यामुळे नमुन्यातली किंवा वाचण्यातली चूक लोकर हातात घेण्याआधीच सापडते.

२. स्क्रीनशॉट कसा असावा?

अक्षरं मोठी करून, एका वेळी अर्धं पान, असे दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या. संपूर्ण पान एकात बसवलं की तारांकन, स्वल्पविराम आणि कंस पुसट होतात, आणि विणकामाच्या नमुन्यात अर्थ त्यांच्यातच असतो. लागोपाठच्या दोन स्क्रीनशॉटमध्ये दोन ओळी समान येऊ द्या. मग मधली एखादी ओळ सुटली का ते लगेच दिसतं. यादी करताना मात्र त्या समान ओळी एकदाच लिहायच्या. हे विसरल्यामुळे दोन ओळी जास्त विणल्या गेल्याच्या तक्रारी बऱ्याच येतात.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. पाठवणाऱ्या व्यक्तीला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नमुन्याचं पहिलं पान, म्हणजे मापं, सुईचा नंबर आणि संक्षेपांचा अर्थ देणारं पान, तेही मागून घ्या. ते नसेल तर पुढचं बरंचसं काम अंदाजावर जातं.

३. मजकूर हाताने उतरवायचा की मोबाईलने?

वीस-पंचवीस ओळींपर्यंत हाताने उतरवणं बरं. जास्त असतील तर गूगल लेन्समध्ये फोटो उघडून मजकूर निवडा आणि कॉपी करा. पण तो मजकूर कच्चा माल समजा. ठरावीक चुका अशा होतात: 7 चा 1 होतो, 6 आणि 8 एकमेकांत मिसळतात, `K1` मधल्या एकाचं इंग्रजी अक्षर l होतं, `yo` चं y0 होतं आणि तारांकन गायबच होतं. दोन रकान्यांत छापलेलं पान असेल तर डावी आणि उजवी ओळ जोडून एकच वाक्य तयार होतं. अशा पानाचा एकेक रकाना कापून वेगळा वाचा.

भाषांतराचं बटण दाबू नका. संक्षेप त्याला कळत नाहीत आणि जे मराठी हाती येतं त्यावरून रुमालही विणता येणार नाही.

४. संक्षेपांचं काय करायचं? प्रत्येकाचं मराठी लिहायचं का?

मराठी लिहा, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट लिहा: तो टाका किती *खातो* आणि किती *देतो*. डाव्या सुईवरून किती टाके संपतात ते खाणं, आणि उजव्या सुईवर किती तयार होतात ते देणं. सगळा हिशेब या दोन आकड्यांवर चालतो.

| नमुन्यात | आपल्याकडे | खातो | देतो |
|---|---|---|---|
| `K1` | सुलट | १ | १ |
| `P1` | उलट | १ | १ |
| `K2tog` | दोनांचा एक, सुलट | २ | १ |
| `ssk` | दोनांचा एक, डावीकडे कललेला | २ | १ |
| `sl1, k2tog, psso` | तिनांचा एक | ३ | १ |
| `yo` | लोकर सुईवर घेऊन जाळीचं भोक | ० | १ |
| `M1` | मधला दोरा उचलून नवा टाका | ० | १ |
| `kfb` | एकाच टाक्यात दोन | १ | २ |

`K7` म्हणजे सात सुलट टाके, म्हणून ते सात खातात आणि सात देतात. `K2tog` मधला 2 मात्र वेगळा: तिथे दोन टाके मिळून एक होतो. नव्याने शिकणारे `K2` आणि `K2tog` यांच्यात गल्लत करतात, त्यामुळे यादीत "२ सुलट" आणि "दोनांचा एक" असं अक्षरी लिहिणं सोयीचं.

५. तारांकन आणि "rep from \* to last st" म्हणजे नक्की किती वेळा?

ते नमुना सांगत नाही, आपण काढायचं. आधीच्या ओळीनंतरच्या टाक्यांतून कडेचे टाके वजा करा आणि उरलेल्यांना एका आवर्तनात खाल्ल्या जाणाऱ्या टाक्यांनी भागा. बाकी शून्य आली पाहिजे. समजा सुईवर ७४ टाके आहेत आणि सूचना अशी आहे:

```
K1, *K7, K2tog; rep from * to last st, K1.
```

सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक मिळून कडेचे दोन, म्हणजे उरले ७२. एक आवर्तन ७ + २ = ९ टाके खातं. ७२ भागिले ९ म्हणजे ८ आवर्तनं. प्रत्येक आवर्तन ७ + १ = ८ देतं, म्हणून ६४ आणि कडेचे दोन, एकूण ६६.

यादीत "८ वेळा" असा आकडा स्पष्ट लिहा. "शेवटपर्यंत" लिहिलं तर विणताना टाके कमी-जास्त झाले तरी ओळ कशीबशी संपते आणि चूक पुढे जाते. आठव्या वेळेनंतर नेमका एकच टाका उरायला हवा हे ठाऊक असेल, तर चूक त्याच ओळीत पकडली जाते.

६. एखादं पूर्ण उदाहरण करून दाखवा.

टोपड्याचा वरचा भाग घेऊ. सरळ दोन सुयांवर विणून मागे शिवायचं टोपडं आहे, ७४ टाके. १० सेंटिमीटरला २० टाके बसतील अशी विणाई धरली, तर शिवणीत जाणारे दोन टाके सोडून घेर ३६ सेंटिमीटर होतो. स्क्रीनशॉटमध्ये एवढंच आहे:

```
Shape crown:
Row 1 (RS): K1, *K7, K2tog; rep from * to last st, K1. (66 sts)
Row 2: Purl.
Row 3: K1, *K6, K2tog; rep from * to last st, K1. (58 sts)
Cont dec in this way on every RS row until 10 sts rem.
Break yarn, draw through rem sts.
```

पहिली ओळ प्रश्न ५ मध्ये सोडवली. तिसऱ्या ओळीत आवर्तन ८ खातं आणि ७ देतं, ६४ भागिले ८ पुन्हा ८ वेळाच, म्हणून ५६ + २ = ५८. दोन्ही वेळा आवर्तनं आठ आणि घट आठच. "in this way" चा अर्थ इथे उघड होतो: दर सुलट बाजूला `K` चा आकडा एकाने कमी होत जाईल आणि आठ टाके घटतील. टोपड्याच्या आठ पाकळ्या आहेत, प्रत्येक पाकळीतून एकेक टाका कमी होतो. ७४ वरून १० वर यायला ६४ टाके घटवायचे, दर खेपेला ८, म्हणजे घटीच्या ओळी आठ. त्या १, ३, ५ अशा पंधराव्या ओळीपर्यंत जातात.

| ☐ | ओळ | बाजू | काय करायचं | आधी | नंतर |
|---|---|---|---|---|---|
| ☐ | १ | सुलट | १ सुलट, (७ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ७४ | ६६ |
| ☐ | २ | उलट | सर्व उलट | ६६ | ६६ |
| ☐ | ३ | सुलट | १ सुलट, (६ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ६६ | ५८ |
| ☐ | ४ | उलट | सर्व उलट | ५८ | ५८ |
| ☐ | ५ | सुलट | १ सुलट, (५ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ५८ | ५० |
| ☐ | ६ | उलट | सर्व उलट | ५० | ५० |
| ☐ | ७ | सुलट | १ सुलट, (४ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ५० | ४२ |
| ☐ | ८ | उलट | सर्व उलट | ४२ | ४२ |
| ☐ | ९ | सुलट | १ सुलट, (३ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ४२ | ३४ |
| ☐ | १० | उलट | सर्व उलट | ३४ | ३४ |
| ☐ | ११ | सुलट | १ सुलट, (२ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | ३४ | २६ |
| ☐ | १२ | उलट | सर्व उलट | २६ | २६ |
| ☐ | १३ | सुलट | १ सुलट, (१ सुलट, दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | २६ | १८ |
| ☐ | १४ | उलट | सर्व उलट | १८ | १८ |
| ☐ | १५ | सुलट | १ सुलट, (दोनांचा एक) ८ वेळा, १ सुलट | १८ | १० |
| ☐ | – | – | लोकर तोडून उरलेल्या टाक्यांतून ओवून घट्ट ओढा | १० | ० |

दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पंधराव्या ओळीनंतर "सर्व उलट" नाही, कारण १० टाके उरले की थांबायचं आहे. आणि शेवटच्या सूचनेला ओळ क्रमांक नसला तरी ती यादीत हवी, नाहीतर दहा टाके बंद करून टाकले जातात आणि टोपड्याच्या डोक्यावर भोक राहतं.

७. माझी बेरीज नमुन्यातल्या कंसातल्या आकड्याशी जुळत नाही. चूक कोणाची?

बहुतेक वेळा वाचण्याची. वरच्याच उदाहरणात `K7` चा `K1` वाचला गेला असं धरा. मग आवर्तन ३ खातं, ७२ भागिले ३ म्हणजे २४ वेळा, बाकी शून्य. पहिली तपासणी चक्क पास होते! पण देणं २४ × २ + २ = ५० येतं आणि नमुन्यात ६६ लिहिलेलं आहे. म्हणून फक्त "भाग जातो का" एवढं पाहून थांबू नका, ओळीअखेरचा आकडाही ताडून पाहा. उलट तिसऱ्या ओळीत `K6` चा `K8` झाला तर ६४ ला १० ने भाग जात नाही, आणि तिथल्या तिथे कळतं.

दोन्ही तपासण्या करूनही जुळत नसेल तर या क्रमाने पाहा. मूळ फोटो मोठा करून आकडे पुन्हा वाचा. तारांकन नक्की कुठे सुरू होतं ते पाहा, कारण ते एक टाका पुढे-मागे सरकलं की कडेचे टाके बदलतात. मग आधीच्या ओळीचा आकडा तपासा. तरीही फरक राहिला तर नमुन्यातच छपाईची चूक असू शकते. अशा वेळी आजूबाजूच्या ओळींची चाल बघून दुरुस्ती करा आणि यादीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा, म्हणजे विणताना तिथे थांबून डोळ्यांनी खात्री करता येईल.

८. कंसात तीन-चार आकडे दिलेत, `62 (66, 70, 74)` असे. ते सगळे घालायचे का?

नाही, ती चार मापं आहेत. कंसाबाहेरचं सगळ्यात लहान, मग क्रमाने मोठी. आपलं माप कितवं ते ठरवा आणि स्क्रीनशॉटवरच फोनच्या पेनने त्या जागच्या आकड्याला सगळीकडे गोल करा. यादीत फक्त तोच आकडा उतरवा. एखाद्या मापासाठी आकड्याऐवजी आडवी रेघ किंवा 0 असेल तर त्या मापात ती सूचना करायचीच नाही, पण जागा मोजताना ती रेघ धरायची. एकदा घसरलं की पुढचे सगळे आकडे शेजारच्या मापाचे येतात, आणि बेरीज मात्र काही ओळी जुळतही राहते.

९. बाहीमध्ये "every foll 6th row" लिहिलंय. कोणत्या ओळीला वाढवायचं?

समजा पट्टी झाल्यावर सुईवर ३६ टाके आहेत आणि सूचना अशी:

```
Inc 1 st at each end of next and every foll 6th row until there are 50 sts.
```

"next" म्हणजे लगेचची, म्हणजे पहिली ओळ. नंतर सहा-सहा मिळवत जा: १, ७, १३, १९, २५, ३१, ३७. दोन्ही कडांना एकेक म्हणून प्रत्येक वेळी दोन टाके वाढतात. १४ वाढवायचे, म्हणजे सात वेळा, आणि वरचे आकडे सातच आहेत. जुळलं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. काही जण ६, १२, १८ अशा ओळी धरतात. काही जण एका वेळी दोनऐवजी एकच टाका मोजतात. आणि `next and foll 6th row 7 times` अशी रचना आली तर बहुधा "पहिली एक आणि नंतर आणखी सात" असा अर्थ असतो, म्हणजे एकूण आठ वेळा, आणि टाके ५२. अशा वेळी नमुन्यातला शेवटचा आकडा हाच पुरावा मानायचा.

मधल्या साध्या ओळीही यादीत एकेक लिहा. "२ ते ६ साधं" असं एका रांगेत लिहिलं की नेमकी किती ओळ झाली ते कळत नाही, आणि दोन्ही बाह्या लहान-मोठ्या होतात.

१०. "At the same time" आलं की डोकं चालत नाही.

गळ्याची आणि बगलेची घट एकाच वेळी चालते तेव्हा हे येतं. दोन घटींसाठी दोन रकाने आखा, म्हणजे निम्मं कोडं सुटतं. समजा पुढच्या एका भागावर ३० टाके आहेत. बगलेकडे पहिल्या ओळीपासून एकाआड एक ओळीला ५ वेळा घट, आणि गळ्याकडे पहिल्या ओळीपासून दर चौथ्या ओळीला ६ वेळा.

बगलेच्या ओळी: १, ३, ५, ७, ९. गळ्याच्या ओळी: १, ५, ९, १३, १७, २१. जिथे दोन्ही आहेत (१, ५, ९) तिथे दोन टाके जातात, बाकीच्यांत एक. म्हणून पहिल्या ओळीनंतर २८, तिसऱ्यानंतर २७, पाचव्यानंतर २५, सातव्यानंतर २४, नवव्यानंतर २२, मग २१, २० आणि एकविसाव्या ओळीनंतर १९. ताळा सोपा आहे: ३० वजा ५ वजा ६.

दुसऱ्या बाजूच्या भागाची यादी वेगळी करा. टाक्यांचे आकडे तेच राहतात, पण बगल आणि गळा यांच्या कडा उलटतात: एका भागात ओळीच्या सुरुवातीला असलेली घट दुसऱ्यात शेवटी येते.

११. नमुना शब्दांत नाही, चौकड्यांच्या चार्टमध्ये आहे. त्याची यादी कशी?

चार्ट खालून वर वाचायचा. सपाट विणताना सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. ओळीचा आकडा चार्टच्या ज्या कडेला छापलेला असेल तिथून सुरुवात. गोल विणायचं असेल तर सगळ्या ओळी उजवीकडूनच. चार्ट कामाची *सुलट बाजू* दाखवतो, म्हणून रिकामी चौकट सुलट बाजूला सुलट आणि उलट बाजूला उलट विणायची असते. चार्टवर फक्त १, ३, ५ असे आकडे असतील तर सम ओळी छापलेल्याच नाहीत. त्या बहुधा सर्व उलट असतात, तसं बाजूच्या सूचनेत लिहिलेलं असतं, आणि यादीत त्या आपण घालायच्या.

टाक्यांचा हिशेब चार्टमध्ये उलट सोपा आहे. एक चौकट म्हणजे त्या ओळीनंतर सुईवर राहणारा एक टाका. जाळीच्या भोकाला एक चौकट, दोनांच्या एकालाही एकच चौकट. म्हणून चौकटी मोजल्या की "देणं" मिळालं. "खाणं" प्रश्न ४ च्या तक्त्यावरून काढा, आणि ते खालच्या छापील ओळीच्या चौकटींइतकं आहे का बघा. जाळीची एक ओळ घ्या:

```
yo, k1, sl1-k2tog-psso, k1, yo, k1
```

चौकटी सहा, म्हणजे देणं ६. खाणं ० + १ + ३ + १ + ० + १ = ६. दोन्ही सारखे, म्हणून टाके बदलत नाहीत. यातलं एक `yo` वाचायचं राहिलं तर देणं ५ होतं, आणि दहा आवर्तनांत दहा टाके कमी भरतात.

वेणीच्या चिन्हाला मात्र हा नियम लावू नका. ते सहा चौकटींवर पसरलेलं असेल तर सहा टाके खातं आणि सहाच देतं, यादीत ते एक काम म्हणून लिहा.

१२. चार्टमधल्या राखाडी चौकटी मोजायच्या का?

नाही. तिथे टाका अस्तित्वातच नाही, चित्राचा आकार राखण्यासाठी ती जागा भरलेली असते. खाणं शून्य, देणं शून्य. विणताना त्यावरून उडी मारायची. स्क्रीनशॉट काळा-पांढरा झेरॉक्स केला की राखाडी आणि उलट टाक्याची ठिपक्याची चौकट सारखीच दिसू लागते, म्हणून पोवई नाक्यावर प्रिंट काढायला जाण्याआधी राखाडी चौकटींवर फुली मारून ठेवा.

१३. ही बेरीज दर वेळी हाताने करायची का? शीटमध्ये होईल?

गूगल शीट्समध्ये सहज होते. रकाने असे ठेवा: A ओळ, B सूचना, C आधीचे टाके, D कडेचे टाके, E आवर्तन किती खातं, F किती देतं, G आवर्तनं, H नंतरचे टाके, I नमुन्यात छापलेला आकडा. दुसऱ्या रांगेत ही सूत्रं घाला, तिसऱ्या रांगेत "आधीचे" आपोआप येतील:

```
G2: =(C2-D2)/E2
H2: =D2+F2*G2
C3: =H2
J2: =IF(MOD(C2-D2,E2)<>0,"भाग जात नाही",IF(AND(I2<>"",H2<>I2),"जुळत नाही","ठीक"))
```

C2 मध्ये ७४ हाताने भरा आणि सूत्रं खाली ओढा. "सर्व उलट" ओळीला D शून्य, E आणि F एक. शेवटच्या रकान्यात `Insert > Checkbox` ने चौकोन घाला. आकडे शीटमध्ये इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे सूत्रं अडत नाहीत. कडेलाच घट असेल, उदाहरणार्थ बगलेची, तर हे सूत्र चालणार नाही. तिथे H मध्ये आकडा हाताने द्या किंवा घटीचा वेगळा रकाना करा (प्रश्न १०).

१४. यादी बरोबर आहे, पण सुईवर ४२ ऐवजी ४१ किंवा ४३ भरतात.

ही यादीची नाही, विणण्याची चूक आहे. एक जास्त असेल तर एखादा "दोनांचा एक" करायचा राहिला किंवा नकळत सुईवर लोकर आली. लोकर आली असेल तर तिथे नको असलेलं भोक दिसतं. एक कमी असेल तर टाका सुटला आहे किंवा एक घट जास्त झाली. सुटलेला टाका खाली शिडीसारखा उतरत जातो, तो आधी शोधून सेफ्टीपिनेत अडकवा.

जागा शोधण्यासाठी टोपड्याच्या प्रत्येक पाकळीनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं कडं सुईवर घाला. सातव्या ओळीनंतर प्रत्येक पाकळीत पाच टाके असायला हवेत, अधिक दोन्ही कडांना एकेक. मग ४२ मोजत बसायची गरज नाही, जिथे चार किंवा सहा दिसले तिथेच बिघाड.

१५. नमुन्यात ८ नंबरची सुई सांगितली होती, तीच घेतली, तरी माप छोटं झालं. टाके मोजण्यात चूक आहे का?

टाके बरोबर असतील, सुई वेगळी आहे. आपल्याकडे दुकानात जुन्या ब्रिटिश नंबरांच्या सुया मिळतात आणि त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यातला `US 8` म्हणजे ५ मिलिमीटर. ब्रिटिश क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन क्रमांक वाढतो तशी जाड. यादीच्या डोक्यावर सुई नेहमी मिलिमीटरमध्येच लिहा.

१६. क्रॉस स्टिचच्या चार्टची अशीच यादी होते का?

होते, पण तिथे खाणं-देणं नसतं, त्यामुळे एक ओळ चुकली तरी पुढची अडत नाही आणि चूक उशिरा दिसते. म्हणून प्रत्येक ओळ रंगवार लिहा: "ओळ १२: ५ रिकाम्या, ८ लाल, ३ हिरव्या, ८ लाल, ६ रिकाम्या". बेरीज चार्टच्या रुंदीइतकी, इथे ३०, आलीच पाहिजे. चार्टवर दर दहा चौकटींना जाड रेघ असते, तिथे यादीतही तुटक रेघ द्या. कापडावर इंचाला १४ चौकटी असतील तर ७० चौकटींचं चित्र ५ इंचांचं होतं, हे कापड कापण्याआधी काढून ठेवा. बाह्यरेषेचे टाके या बेरजेत धरू नका, त्यांची यादी वेगळी.

१७. कसुतीचा नमुना ओळवार लिहिता येत नाही. का?

जत-मिरजेकडून, इरकल साडीवर भरणाऱ्यांकडून हा प्रश्न येतो. कसुतीत चार टाके आहेत. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, आणि नेगी हा आडवा धावदोऱ्याचा, विणलेल्या बुट्टीसारखा दिसणारा. हे दोन्ही ओळवार लिहिता येतात. गवंती आणि मुरगी मात्र रेषेने चालतात: सुई जाताना एकाआड एक घर भरते आणि परतताना मधली रिकामी घरं भरते, म्हणून दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते. तिथे ओळीऐवजी प्रवास लिहायचा.

स्क्रीनशॉटवर रेषेचं प्रत्येक घर क्रमाने मोजा. समजा एका गोपुराच्या रेषेत २४ घरं आहेत. सुई जाऊन-येऊन ४८ पावलं टाकते, त्यातली २४ वर दिसतात आणि २४ मागे. यादीत फाट्यापाशी "इथून उजवी फांदी, ३ घरं जाऊन परत, मग पुढे" असं लिहा. शेवटच्या पावलाला सुई पहिल्याच भोकाशी परत आली पाहिजे. ती दुसरीकडे निघाली तर एखादी फांदी एकदाच चालली गेली आहे, आणि ती जागा कापड उलटून पाहिलं की एक घर सोडून एक अशी तुटक दिसते.